मशीन घ्यायचं की लीजवर आणायचं? पाच वर्षांनंतरची किंमत आधी काढा

भोसरीतल्या एका जॉबवर्क करणाऱ्या भागीदारी फर्मपुढे दोन कागद आहेत असं समजू. घ्यायचं आहे एक नवं व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन. किंमत ३० लाख रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी. पहिला कागद बँकेचा आहे: साडेदहा टक्के व्याज, पाच वर्षं मुदत, हप्ता ६४,४८०. दुसरा लीज कंपनीचा: पाच वर्षं, महिना ५६,००० भाडं, दर महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ, मुदत संपली की मशीन परत. विक्री प्रतिनिधी कॅल्क्युलेटरवर वजाबाकी करून दाखवतो. महिन्याला साडेआठ हजारांची बचत, पाच वर्षांत पाच लाख. वर सांगतो, ‘भाडं पूर्ण खर्चात पडतं शेठ, टॅक्स वेगळा वाचतो.’

वजाबाकी बरोबर आहे, पण ज्यातून वजा केलं ते आकडे एका जातीचे नाहीत. हप्ते फिटल्यावर हातात मशीन उरतं, भाडं भरून झाल्यावर काहीच उरत नाही. तेव्हा प्रश्न साडेआठ हजारांचा नाही. पाच वर्षं वापरलेल्या त्या मशीनला किती पैसे येतील, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर कागदावर काढता येतं. खाली दिलेले दर आणि किमती उदाहरणासाठी घेतल्या आहेत. पद्धत तीच ठेवून तुमचे आकडे घाला.

आधी कराचं बघू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. भागीदारी फर्मला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के लागतो. लीजवर घेतलं तर वर्षाचं ६,७२,००० भाडं खर्चात पडतं आणि २,०९,६६४ रुपये कर वाचतो. विकत घेतलं तर मुद्दल खर्चात पडत नाही, पण व्याज पडतं आणि घसारा मिळतो. यंत्रसामग्रीवर घसारा १५ टक्के, तोही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. पहिल्या वर्षी घसारा साडेचार लाख आणि व्याज सुमारे २ लाख ९२ हजार. दोन्ही मिळून वाचलेला कर २ लाख ३१ हजारांच्या वर जातो. म्हणजे पहिल्या वर्षी कर विकत घेणाऱ्याचाच जास्त वाचतो. पुढे व्याज आणि घसारा उतरत जातात, भाडं मात्र तेवढंच राहतं, त्यामुळे नंतरच्या वर्षांत पारडं फिरतं. प्रतिनिधीचं म्हणणं साफ खोटं नाही, अर्धवट आहे.

आता वेगवेगळ्या वर्षांतले हे पैसे एका पातळीवर आणायचे. आज हातात आलेला रुपया पाच वर्षांनंतरच्या रुपयापेक्षा मोलाचा असतो. किती मोलाचा, हे बँकेचा व्याजदर सांगतो. पण व्याजावर कर वाचतो, म्हणून साडेदहा टक्क्यांचं कर्ज या फर्मला प्रत्यक्षात ७.२ टक्क्यांनाच पडतं. सगळे आकडे याच दराने आजच्या किमतीत आणायचे. लीज ही कर्जाचीच दुसरी तऱ्हा आहे, दोन्हींत ठरलेल्या तारखेला ठरलेले पैसे जातात. म्हणून दर कर्जाचाच घ्यायचा. धंद्यातून आपल्याला १८ टक्के सुटतात म्हणून १८ टक्क्यांचा दर लावला, तर पुढे द्यायचं भाडं कागदावर खोटं स्वस्त दिसू लागतं.

यातून एक मोठी सोय होते. कर्जाचे हप्ते, व्याजावर वाचलेला कर वजा करून, ७.२ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणले की बेरीज जवळपास मूळ कर्जाएवढीच येते, ३० लाख. त्यामुळे हप्त्यांचं लांबलचक कोष्टक मांडायची गरजच नाही. मशीन आज रोख घेतलं असं धरायचं आणि त्यातून दोन गोष्टी वजा करायच्या: घसाऱ्यामुळे वाचणारा कर आणि शेवटी येणारी विक्रीची किंमत. वर पूर्ण ३० लाखांचं कर्ज धरलं आहे, प्रत्यक्षात बँक २० ते २५ टक्के रक्कम तुमच्या खिशातून मागेल. ती फुकट समजू नका, तिलाही हाच दर लावा.

विकत घेतलं तर

| वर्ष | घसारा (रु.) | वाचलेला कर (रु.) | आजची किंमत (रु.) |
|---|---|---|---|
| १ | ४,५०,००० | १,४०,४०० | १,३०,९७० |
| २ | ३,८२,५०० | १,१९,३४० | १,०३,८४८ |
| ३ | ३,२५,१२५ | १,०१,४३९ | ८२,३४२ |
| ४ | २,७६,३५६ | ८६,२२३ | ६५,२९० |
| ५ | २,३४,९०३ | ७३,२९० | ५१,७६९ |

शेवटच्या रकान्याची बेरीज ४ लाख ३४ हजार. पाच वर्षांनी वहीत मशीनची किंमत १३ लाख ३१ हजार उरते.

समजा सहाव्या वर्षाच्या सुरुवातीला ते १२ लाखांना विकलं. आजच्या किमतीत हे ८ लाख ४८ हजार होतात. वहीतल्या किमतीपेक्षा १ लाख ३१ हजार कमी आले. हा तोटा त्याच वर्षी पूर्ण वजा होईल असं अनेकांना वाटतं, तसं होत नाही. आयकरात घसारा एकेका मशीनवर मोजत नाहीत. एकाच दराच्या सगळ्या मशीनचा मिळून एक गट असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. विक्रीची रक्कम गटातून वजा होते आणि उरलेल्यावर पुढेही १५ टक्क्यांनी घसारा चालू राहतो. आपल्या १ लाख ३१ हजारांतून पुढच्या सगळ्या वर्षांत मिळून जो कर वाचेल, त्याची आजची किंमत जेमतेम १९-२० हजार. आणि गटात हे एकच मशीन असेल तर तेही नाही. गट रिकामा झाला की तोटा अल्पकालीन भांडवली तोटा ठरतो, तो धंद्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

एकूण विकत घेण्याचा खर्च असा: ३० लाखांतून ४ लाख ३४ हजार, ८ लाख ४८ हजार आणि साडेएकोणीस हजार वजा. उरले सुमारे १६ लाख ९९ हजार.

लीजवर आणलं तर

साठ महिन्यांचं आगाऊ भाडं आजच्या किमतीत आणायला एक्सेल उघडून हे सूत्र टाकावं:

```
=-PV(1.072^(1/12)-1, 60, 56000, 0, 1)
```

उत्तर २८ लाख ४६ हजार येतं. भाड्यामुळे दरवर्षी वाचणारे २,०९,६६४ रुपये वर्षाअखेरीस धरून आजच्या किमतीत आणले तर ८ लाख ५५ हजार होतात. वजा करा: १९ लाख ९१ हजार.

करार वाचला तर आणखी एक ओळ सापडते, १० टक्के बिनव्याजी सुरक्षा ठेव. पाच वर्षांनी ३ लाख परत येतील हे खरं, पण तेव्हाच्या ३ लाखांचं आजचं मोल २ लाख १२ हजार आहे. ८८ हजार इथेच गेले. लीजचा खर्च २० लाख ७९ हजारांवर पोचला.

महिन्याला साडेआठ हजार वाचवणारी लीज अशी ३ लाख ८० हजारांनी महाग पडली. हा निकाल मात्र १२ लाखांच्या अंदाजावर उभा आहे. तो अंदाजच चुकला तर?

म्हणून गणित उलटं चालवायचं. विक्रीची किंमत लाखाने कमी धरली की विकत घेण्याचा खर्च सुमारे ५५,७०० रुपयांनी वाढतो. पूर्ण लाखाने वाढत नाही, कारण ते पैसे पाच वर्षांनंतरचे आहेत आणि विक्री कमी झाली तर गटात जास्त किंमत उरून थोडा घसारा परत मिळतो. या हिशेबाने विक्रीची किंमत ५ लाख १७ हजारांवर आली की दोन्ही पर्याय सारखे होतात. मशीनला त्याहून जास्त पैसे येणार असतील तर विकत घ्यावं, कमी येणार असतील तर लीज. सगळा वाद आता एका आकड्यावर आला, आणि तो आकडा बाजारात विचारता येतो.

सव्वापाच लाख येतील का?

हा प्रश्न नव्या मशीनच्या विक्रेत्याला विचारू नका, जुन्या मशीनच्या दलालाला विचारा. भोसरी, सातपूर, शिरोली, वाळूज, सगळ्या औद्योगिक वसाहतींत ही मंडळी आहेत. ‘या मॉडेलचं पाच वर्षांचं मशीन आज आणलं तर काय द्याल?’ असं दोघातिघांना विचारायचं आणि सांगितलेल्या आकड्यांतला सर्वात कमी आकडा धरायचा. घेणारा काय बघतो तेही कळतं. आधी कंट्रोलर: फानुक किंवा सीमेन्ससारखा सगळीकडे चालणारा असेल तर गिऱ्हाईक लगेच मिळतं, कारण ऑपरेटर आणि सुटे भाग दोन्ही उपलब्ध असतात. मग स्पिंडल किती तास फिरलं, पूर्ण वेगात आवाज करतं का, बॉलबार चाचणीचा अहवाल कसा आहे, सर्व्हिसच्या नोंदी आहेत का. ओतीव लोखंडाचं काम कोरडं चालवलेलं मशीन आणि अ‍ॅल्युमिनियम कापलेलं मशीन यांच्या किमतीत चांगलाच फरक पडतो, कारण लोखंडाची बारीक पूड मार्गिकांमध्ये शिरते.

सर्वसाधारण वापराचं व्हीएमसी असेल तर सव्वापाच लाख ही मोठी मागणी नाही. पण एकाच ग्राहकाच्या एकाच पार्टसाठी बांधून घेतलेलं खास मशीन, ज्याला शॉपवर एसपीएम म्हणतात, त्याची गोष्ट वेगळी. ती ऑर्डर गेली की त्याला दुसरं गिऱ्हाईक नसतं. चार टन वजनाचं मशीन भंगारात किलोला ३५ रुपयांनी गेलं तर १ लाख ४० हजार येतात. मोटारी आणि कंट्रोलर काढून विकले तर थोडे वर. अशा मशीनला ५६ हजारांची लीज मिळत असेल तर ती डोळे झाकून घ्यावी.

मिळणार नाही, हा भाग वेगळा. लीज कंपनीही हाच हिशेब करते. ठेव बाजूला ठेवून, तिला आपल्या पैशांवर महिना एक टक्का सुटायला हवा असं धरा. मशीनला शेवटी शून्य येईल असं तिला वाटलं असतं तर भाडं ६६ हजार लागलं असतं. तिने ५६ हजार सांगितलं, याचा अर्थ पाच वर्षांनी मशीनचे ८ लाखांच्या वर येतील असं तिने स्वतःच धरलं आहे. तुम्हाला ८ लाख पटत असतील तर ते पैसे तुमच्याच खिशात का येऊ नयेत, एवढं स्वतःला विचारा. उलट त्या मशीनला कोणी ४ लाखही देणार नाही असं तुम्हाला बाजारातून कळलं असेल, तर लीज कंपनी तुमच्यापेक्षा जास्त आशावादी आहे. तिचा तो उत्साह पदरात पाडून घ्यावा.

तुमचा कर वेगळा असेल तर

वरचं गणित ३१.२ टक्के कर देणाऱ्या फर्मचं आहे. उलाढालीवर ठरावीक टक्के नफा दाखवून अनुमानित पद्धतीने कर भरणाऱ्या लहान व्यावसायिकाला भाडं, व्याज, घसारा, काहीच वेगळं वजा करता येत नाही. सगळं त्या टक्क्यात गृहीत धरलेलं असतं. त्याने करबचतीचे रकाने खोडून टाकावेत आणि दर ७.२ ऐवजी साडेदहा घ्यावा. याच मशीनसाठी त्याला विकत घेण्याचा खर्च २२ लाख ७२ हजार आणि ठेव न धरता लीजचा २६ लाख ५६ हजार पडतो. ‘लीजवर टॅक्स वाचतो’ हे वाक्य त्याच्यासाठी निव्वळ हवा आहे.

घसाऱ्यात एक तारीख सांभाळावी लागते. मशीन त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं गेलं तर पहिल्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. म्हणजे साधारण ३ ऑक्टोबरपर्यंत ते चालू झालेलं हवं. बिल सप्टेंबरचं असून उपयोग नाही. फाउंडेशन रखडलं, वीजभार वाढवून मिळाला नाही, म्हणून मशीन कागदात गुंडाळून पडलं असेल तर ते ‘वापरात’ धरत नाहीत. कमिशनिंग अहवाल आणि पहिल्या जॉबचं चलान फायलीत ठेवा. दसऱ्याच्या मुहूर्तासाठी थांबणारे इथे अनेकदा सव्वादोन लाखांचा पहिल्या वर्षीचा घसारा पुढे ढकलतात. तो बुडत नाही, पण उशिरा मिळतो.

उत्पादन करणाऱ्या उद्योगाला नव्या मशीनवर २० टक्के जादा घसाऱ्याचीही तरतूद आहे. कमी दराची नवी करप्रणाली घेतलेल्या कंपन्यांना आणि व्यक्तींना ती मिळत नाही. भागीदारी फर्मला मिळू शकते, आणि मिळाली तर आपल्या उदाहरणात विकत घेण्याचा खर्च आणखी ५६-५७ हजारांनी उतरतो. तुमचं जॉबवर्क ‘उत्पादन’ या व्याख्येत बसतं का, हे सीएला विचारून मगच धरा.

जीएसटीत दोन्ही पर्यायांत क्रेडिट मिळतं, फरक फक्त वेळेचा आहे. विकत घेताना ५ लाख ४० हजार एकदम मोजावे लागतात, भाड्यावर महिन्याला १०,०८० जातात. तुमचं दरमहा जीएसटी देणं लाखभर असेल तर ते साडेपाच महिन्यांत वळते होतात आणि नुकसान काही हजारांचंच होतं. पण बँक बहुधा जीएसटी सोडून कर्ज देते, तेव्हा तेवढ्या महिन्यांची खेळत्या भांडवलाची सोय आधी करून ठेवा. मोटारगाडीला हे लागू नाही. १३ किंवा त्याहून कमी आसनांच्या गाडीवरचा जीएसटी, खरेदीचा असो वा लीजच्या भाड्याचा, सर्वसाधारण व्यवसायाला परत मिळत नाही. तो सरळ खर्चात धरायचा.

कराराच्या मागच्या पानांवर

लीज घेणारे सांगतात, ‘ऑर्डर बंद पडली तर मशीन देऊन टाकू.’ करारात असं क्वचितच असतं. बहुतेक करारांत लॉक-इन असतं आणि आधी सोडलं तर उरलेल्या भाड्याचा मोठा भाग भरावा लागतो. दुसऱ्या वर्षाअखेरीस सोडलं तर नेमके किती रुपये द्यावे लागतील, हा आकडा लेखी घ्या. तो पाहून लीजची मोकळीक किती खरी आहे ते समजेल.

परत देतानाचा खर्चही तुमचाच असतो: क्रेन, वाहतूक, विमा, आणि मशीन ठरलेल्या अचूकतेत नसेल तर दुरुस्ती. ‘चांगल्या चालू स्थितीत’ एवढंच लिहिलेलं असेल तर सही करू नका. अचूकतेचे आकडे आणि कोणत्या चाचणीने मोजायचे ते लिहून घ्या. परत करण्याची सूचना किती दिवस आधी द्यायची तेही बघा. ती चुकली की करार आपोआप पुढे सरकतो आणि भाडं चालू राहतं, अशी कलमं असतात.

शिवाय भाड्यातून २ टक्के टीडीएस कापून, म्हणजे महिन्याला १,१२० रुपये, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरणं फर्मची जबाबदारी आहे. कापला नाही तर त्या भाड्याचा ३० टक्के भाग त्या वर्षी खर्च म्हणून मान्य होत नाही. आपल्या उदाहरणात तो दोन लाखांच्या वर जातो आणि जादा कर बसतो सुमारे ६३ हजार.

लीज सगळीकडे वाईट नाही. बँकेची मर्यादा भरली असेल, तारणाला काही उरलं नसेल आणि हातात खात्रीची ऑर्डर असेल, तर दोन-तीन लाख जास्त मोजून काम पकडण्यात शहाणपण आहे. फक्त ते दोन-तीन लाख आपण मोजतो आहोत हे माहीत असावं.

आपल्या भोसरीच्या फर्मने दलालाचा सर्वात कमी, ९ लाखांचा भाव धरला तरी विकत घेणं सुमारे २ लाख १३ हजारांनी स्वस्त पडतं. तिने मशीन विकत घ्यावं. तुम्ही मात्र कोणत्याही कागदावर सही करण्याआधी लीज कंपनीकडून तीन गोष्टी लेखी मागा: ठेव परत मिळण्याची अट, मध्येच सोडण्याची रक्कम आणि परतीच्या वेळची अचूकता. आणि त्याच आठवड्यात जुन्या मशीनच्या बाजारात एक चक्कर मारा.